सोंडेत हाड नसताना जोर येतो कुठून?

प्रश्न: लहानपणी सांगलीच्या गणपतीच्या हत्तीच्या सोंडेत एक रुपया ठेवला होता, त्याने तो अलगद उचलून माहुताला दिला. परवा मुलाने विचारलं, सोंडेत हाडच नाही तर हत्ती ओंडका कसा उचलतो? आणि नाकाने पाणी ओढतो तर त्याला ठसका का लागत नाही? स्नायूंचा आकडा कुठे चाळीस हजार दिसतो, कुठे दीड लाख. खरं काय समजायचं?

उत्तर:

नमस्कार. मी पशुवैद्य. मिरज, तासगाव, विटा या भागात तीस-बत्तीस वर्षं काम केलं. रोजचं काम गाई-म्हशींचं, पण देवस्थानांचे, सर्कशीतले आणि गावोगाव फिरणाऱ्या मंडळींचे हत्तीही माझ्याकडे यायचे, कारण जवळपास दुसरं कुणी त्यांच्या अंगाला हात लावायला तयार नसायचं. त्यामुळे सोंड मी पुस्तकात कमी आणि हातात धरून जास्त पाहिली आहे. मी सांगतोय ते आपल्या आशियाई हत्तीबद्दल. आफ्रिकेतल्या हत्तीची गोष्ट येईल तिथे तसं म्हणेन.

तुमच्या मुलाच्या प्रश्नात खरी अडचण अशी आहे. आपला हात वाकतो कारण स्नायू हाडाला ओढतो. हाड आवळत नाही, दबत नाही, म्हणून ओढ वाया जात नाही. मग हाड काढून टाकलं तर स्नायू कशाला ओढणार? सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ एकत्र वाढून झालेला अवयव. अगदी वर, कवटीला चिकटते तिथे थोडी कूर्चा असते. तिथून खाली शेंड्यापर्यंत नुसतं मांस, चरबी, शिरा, मज्जातंतू आणि कातडी.

याचं उत्तर तुमच्या तोंडातच आहे. आरशासमोर उभे राहा आणि जीभ शक्य तितकी बाहेर काढा. लांब होताना ती निमुळती होते. आता आत ओढून घ्या, ती जाड होते. जिभेतही हाड नाही. मांसात पाणी भरपूर असतं आणि पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून जिभेचं एकूण आकारमान तेवढंच राहतं. एका बाजूने आवळली की दुसऱ्या बाजूला फुगणारच. भाकरीचा उंडा दोन्ही तळव्यांमध्ये वळला की तो लांब आणि बारीक होतो, वरून थापला की रुंद आणि पातळ होतो. पीठ तेवढंच असतं. सोंडेची सगळी किमया या एका नियमावर उभी आहे. तिथे हाडाचं काम हे न दबणारं मांसच करतं.

एकदा एका म्हाताऱ्या हत्तिणीच्या शवविच्छेदनात मी सोंड मधोमध आडवी कापून पाहिली होती. मध्ये दोन नाकपुड्यांची दोन भोकं, शेजारी शेजारी आणि शेवटपर्यंत वेगळी. त्या भोकांभोवतीचे स्नायू चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेरच्या कातडीकडे गेलेले. त्यांच्या बाहेर, वरच्या बाजूला लांबीच्या दिशेने धावणाऱ्या जुड्या. कापल्यावर त्यांची टोकं ठिपक्यांसारखी दिसतात. खालच्या बाजूला तिरक्या जुड्या, दोराला पीळ असतो तशा. मांस लाल, आणि मधून मधून पांढऱ्या जाळीसारखी चरबी आणि तंतू. दोन्ही बाजूंना एकेक मज्जातंतू, माझ्या अंगठ्याएवढा जाड. गाईच्या तोंडातला तसाच मज्जातंतू मी शेकडो वेळा पाहिलाय, तो या मानाने दोरा वाटतो.

आता या तीन दिशांचं काम बघा. आऱ्यांसारखे स्नायू आवळले की सोंड बारीक होते, म्हणून लांब होते. लांबीचे स्नायू आवळले की ती आखूड आणि जाड होते. तिरक्या जुड्या आवळल्या की पीळ पडतो. इथपर्यंत सोपं आहे. वाकण्यासाठी मात्र दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. समजा हत्तीला सोंड डावीकडे वळवायची आहे. डाव्या बाजूचे लांबीचे स्नायू आवळतात. पण तेवढंच झालं तर ती बाजू नुसती फुगेल, वळणार नाही. म्हणून आऱ्यांचे स्नायू त्याच क्षणी ताठ राहून फुगायला मज्जाव करतात. आखूड तर व्हायचंय, फुगता येत नाही, मग डावी बाजू आखडते, उजवी ताणते आणि सोंड वळते. तिन्ही दिशांचे स्नायू एकदम ताठ केले की सोंड काठीसारखी कडक होते. माहुताने हुकूम दिल्यावर हत्ती सोंडेवर पाय ठेवू देतो तेव्हा त्या जागी हात लावून बघा. आत लाकूड आहे असं वाटतं, आणि क्षणापूर्वी तीच सोंड लोंबत होती.

आकड्यांचा घोळ मोजण्याच्या पद्धतीमुळे झालेला आहे. जुन्या पुस्तकांत चाळीस हजार येतो, नंतरच्या काहींत दीड लाख. आपल्या दंडातला स्नायू कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगता येतं, कारण त्याची दोन टोकं हाडाला बांधलेली असतात. सोंडेत अशी टोकं नाहीत. तिथे तंतूंच्या छोट्या छोट्या जुड्या आहेत. जुडी मोजायची की जुड्यांचा गट मोजायचा, यावर आकडा ठरतो. २०२३ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी एका आशियाई पिल्लाच्या सोंडेचं क्ष-किरणांनी अतिशय बारीक छायाचित्रण करून जुड्या मोजल्या, त्या सुमारे ९० हजार भरल्या. माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून स्नायू सहाशेच्या वर थोडे. मुलाला सांगायचं तर ‘नव्वद हजार जुड्या’ असं सांगा. ‘नव्वद हजार स्नायू’ म्हटलं की एकेक दंडासारखा स्नायू डोळ्यासमोर येतो, तो चुकीचा आहे.

आणि या जुड्या सगळीकडे सारख्या नाहीत, इथेच तुमच्या रुपयाचा आणि ओंडक्याचा उलगडा होतो. मुळाशी, म्हणजे कपाळाजवळ, जुड्या मोठ्या आणि दणकट. शेंड्याकडे त्या बारीक होत जातात आणि टोकाच्या बोटासारख्या भागात अगदी चिमुकल्या होऊन दाटीने बसलेल्या असतात. जड काम मूळ करतं, नाजूक काम शेंडा. आपल्या हत्तीच्या शेंड्याला वरच्या बाजूला एकच बोट असतं, आफ्रिकेतल्या हत्तीला वर आणि खाली अशी दोन. म्हणून आफ्रिकेतला हत्ती वस्तू चिमटीत धरतो, आणि आपला बहुतेकदा बोट वरून ठेवून वस्तू खालच्या जाड कडेवर दाबतो, किंवा सरळ सोंडेचा वेढा घालतो. तुमचा रुपया त्या एका बोटाने आणि खालच्या कडेने धरला होता.

ओंडका उचलताना हत्ती शेंडा वापरतच नाही. सोंडेचा वरचा, जाड भाग ओंडक्याखाली जातो, सुळे असतील तर ओंडका सुळ्यांवर टेकवला जातो आणि सोंड वरून दाबून धरते. सुळे नसलेली हत्तीण बऱ्याचदा दोर दातांत धरून ओढते. म्हणून ‘हत्ती सोंडेने किती किलो उचलतो’ याला एक उत्तर नाही. वय, अंगकाठी, सुळे आहेत की नाहीत, वस्तू सोंडेत कुठे धरली आहे, नुसती उचलायची आहे की ओढायची, या सगळ्यावर ते ठरतं. एवढं लक्षात ठेवा की मोठ्या हत्तीची सोंड स्वतःच शंभर किलोच्या वर भरते. वस्तू उचलण्याआधी हे ओझं तो दिवसभर वागवतच असतो. आजारी हत्ती सोंड जमिनीवर टेकवून उभा राहतो किंवा सुळ्यावर टाकून ठेवतो, त्याचं कारण हेच. माहुताने फोनवर ‘सोंड टाकून उभा आहे’ म्हटलं की मी गाडी काढायचो.

ढिगातली बारीक वस्तू उचलण्याची त्याची एक पद्धत बघण्यासारखी आहे. भुसा किंवा ज्वारीचा भरडा समोर टाकला तर हत्ती दाणे वेचत बसत नाही. सोंड वरून खाली आणतो, टोकाच्या थोडं वर तिला कोपरासारखा बाक देतो आणि त्या बाकाखालच्या भागाचं वजन ढिगावर टाकतो. दाणे एकमेकांवर दाबले जाऊन त्यांचा लाडू होतो, मग तो लाडू उचलतो. ढीग जितका बारीक दाण्यांचा, तितका दाब जास्त. ते कोपर कायमचं नाही. हवं तिथे तयार होतं आणि काम झालं की नाहीसं होतं. हाडाचा सांधा एका ठिकाणी पक्का बसलेला असतो, सोंडेत सांधा कुठेही करता येतो.

एवढ्या जुड्यांना हुकूम द्यायचा तर मेंदूतही तशी व्यवस्था लागते. बर्लिनमध्येच २०२२ साली चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मोजल्या गेल्या. आशियाई हत्तीत त्या सुमारे ५४ हजार निघाल्या, आफ्रिकेतल्या हत्तीत सुमारे ६३ हजार. पिल्लाला हे सगळं जन्मतः वापरता येत नाही. सुरुवातीचे महिने ते सोंड नुसती झुलवतं, तिच्यावर पाय देतं, पाणी तोंड लावूनच पितं. दूधही तोंडानेच, सोंड बाजूला सारून. सोंडेने पाणी पिणं त्याला शिकावं लागतं.

वासाबद्दल थोडंच सांगतो. वास ओळखणारी जनुकं आफ्रिकेतल्या हत्तीत सुमारे दोन हजार सापडली, कुत्र्याच्या दुपटीहून जास्त आणि आपल्या पाचपट. मला हे औषध देताना समजलं. सांगलीच्या बाजारातला चांगला गूळ आणायचा, त्यात कडू गोळी दडवायची आणि लाडू पुढे करायचा. हत्तीण लाडू घ्यायची, शेंडा त्यावर फिरवायची, एक फुंकर मारायची आणि तो पायाशी ठेवून द्यायची. गोळी नसलेला लाडू दुसऱ्या हातात असला तर तो मात्र लगेच तोंडात. शेवटी मी दोन साधे लाडू आधी खाऊ घालून, तिसरा घाईघाईत थेट जिभेवर ठेवायला शिकलो. सोंडेच्या वाटेने गेला की पकडला गेलाच.

आता पाणी. ठसका लागत नाही कारण हत्ती नाकाने पाणी *पीत* नाही. तो सोंडेत पाणी भरतो, शेंडा आवळून बंद करतो, सोंड वळवून तोंडात घालतो आणि फुंकून पाणी तोंडात सोडतो. गिळणं आपल्यासारखंच, घशातून. सोंडेत भरलेलं पाणी कवटीतल्या नाकापर्यंत जाऊ दिलं जात नाही. तिथे वाट अरुंद आहे आणि सोंडेच्या मुळाशी स्नायूंची घट्ट पकड आहे.

ही पकड मी क्षयरोगाची तपासणी करताना स्वतः पाहिली आहे. हत्तीला माणसाकडून क्षय होऊ शकतो. तो तपासायला सोंड धुऊन नमुना घ्यावा लागतो. एका नाकपुडीत साठ मिलिलिटर निर्जंतुक मिठाचं पाणी पिचकारीने सोडायचं, माहुताने सोंड वर धरून ठेवायची, साधारण अर्धा मिनिट थांबायचं, मग सोंड स्वच्छ पिशवीत खाली करून हत्तीला जोरात फुंकायला लावायचं. सोंड वर असते तेव्हा पाणी मुळाशी जाऊन थांबतं, आत उतरत नाही, हत्तीला खोकला येत नाही. शिकवलेला हत्ती शांत उभा राहतो. न शिकवलेला पहिल्या सेकंदाला सगळं पाणी डॉक्टरच्या तोंडावर उडवतो आणि नमुना वाया जातो. हे करायला शिकवण्यात काही आठवडे जातात.

पाणी ओढायला जोर कुठून येतो? छातीतून. हत्तीची फुप्फुसं छातीच्या भिंतीला तंतूंनी चिकटलेली असतात. आपल्यात फुप्फुस आणि छाती यांच्यामध्ये पातळ मोकळी फट असते, हत्तीत ती भरून गेलेली असते. त्यामुळे तो फार जोराची ओढ सहन करू शकतो. पोहताना सोंड वर काढून श्वास घेतो तेही यामुळेच त्याला झेपतं. अमेरिकेतल्या अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकन हत्तिणीवर २०२१ साली झालेल्या अभ्यासात पाणी ओढण्याचा वेग सेकंदाला काही लिटर निघाला. सोनोग्राफीत असंही दिसलं की ओढताना नाकपुड्या रुंद होतात, इतक्या की आतली जागा साठ टक्क्यांहून अधिक वाढते. म्हणजे आऱ्यांसारखे स्नायू नाकपुडीची भिंत बाहेर ओढतात. सोंड नळीही आहे आणि टाकीही आहे, आणि टाकी हवी तेव्हा मोठी करता येते. मोठ्या हत्तीच्या सोंडेत एका वेळी आठ-दहा लिटर पाणी मावतं.

हे सगळं मला एका हत्तिणीच्या जखमेमुळे नीट समजलं, म्हणून ती हकिकत सांगतो.

फिरत्या मंडळींची एक हत्तीण विट्याच्या बाजूला मुक्कामाला होती. निरोप आला, ‘खात नाही, सुकत चाललीय.’ जाऊन पाहिलं तर सोंडेच्या डाव्या बाजूला, शेंड्यापासून साधारण २८ सेंटिमीटर वर, आडवा काप. कुठल्या तरी कुंपणाच्या तारेचा फास बसला होता आणि तिने सोंड हिसडून सोडवली होती. दहा दिवस होऊन गेलेले. काप लांबीला तीन सेंटिमीटर, पण खोल, थेट डाव्या नाकपुडीत उघडणारा. कडेला अळ्या पडलेल्या.

आधी वाटलं दुखतंय म्हणून खात नसेल. मग शेण बघितलं. कोरडं, घट्ट, लहान गोळे. लघवी गडद आणि थोडी. तोंडातली त्वचा चिकट. हत्तीण भुकेने नाही, तहानेने सुकत होती, आणि कोरड्या तोंडाने वैरण गिळवत नव्हती. माहूत म्हणाला, ‘डॉक्टर, पाणी तर समोर ठेवतोय की, दिवसभर सोंड घालतेय त्यात.’ म्हणून मी पाणी पिताना बघत बसलो.

घमेल्यात वीतभरही पाणी नव्हतं, फार तर पंधरा सेंटिमीटर. तिने सोंड घातली, ओढलं, आणि जखमेतून फुस्स असा आवाज आला. पन्ह्याच्या नळीला वर भोक पडलं तर पन्हं ओढता येत नाही, हवाच येते. तसंच झालं होतं. भोक पाण्याच्या वर होतं, डावी नाकपुडी पाण्याऐवजी हवा ओढत होती. उजवी नाकपुडी वेगळी आणि शाबूत, तेवढीच भरत होती. पण ओढ दोन्हींना एकाच छातीची. डावीतून हवा सहज येत राहिली की उजवीला जोर कमी पडतो. बादलीने मोजलं तर एका खेपेला दोन-अडीच लिटर जेमतेम तोंडात पोचत होतं. चांगल्या सोंडेत त्याच्या तिप्पट-चौपट आलं असतं. आणि प्रत्येक खेपेला कष्ट तेवढेच. पंधरा-वीस खेपांनंतर ती थकून सोडून द्यायची. मोठ्या हत्तीला दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं.

पहिल्या दिवशी जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, अळ्या चिमट्याने काढल्या, सौम्य जंतुनाशक लावलं आणि माश्या बसू नयेत म्हणून कडेला मलम. टाका घातला नाही. बघणाऱ्यांना ते खटकलं, मालकाने दोनदा विचारलं. पण सोंड दिवसभरात क्षणभरही स्वस्थ नसते. शिवलेल्या कडा प्रत्येक वळणाला ताणल्या जातात, दोरा मांस कापत जातो, आणि आत पू कोंडला तर जखम मोठी होते. शिवाय दहा दिवसांच्या मळलेल्या जखमेला शिवूच नये. रोज दोनदा धुवायची आणि आतून भरू द्यायची, हाच मार्ग.

पाण्यासाठी दोन गोष्टी लगेच केल्या. शेतातल्या मोटारीची नळी आणून थेट तोंडात धार सोडली. अर्ध्या तासात ती नळीला रुळली आणि स्वतः तोंड उघडून उभी राहू लागली. वैरण म्हणून हिरवं वाढं, उसाचे शेंडे, पाण्यात भिजवून. या भागात त्याची काही कमतरता नाही. दोन दिवसांत शेण ओलं पडायला लागलं आणि मला हायसं वाटलं.

पण नळी जन्मभर कोण धरणार? तिसऱ्या दिवशी मी जखमेकडे दुसऱ्या नजरेने पाहिलं. एक लक्षात आलं की जमिनीवरच्या घमेल्याकडे सोंड लांबवली की आडवा काप उघडा पडतो, आणि सोंड जवळ घेऊन वळवली की कातडीच्या घड्या एकमेकांवर येऊन तो मिटतो. हा वरचा उंड्याचा नियमच. लांब म्हणजे बारीक आणि ताणलेली, आखूड म्हणजे जाड आणि घड्या पडलेली. आपण पाणी खाली आणि उथळ ठेवून तिला नेमकं तेच करायला लावत होतो ज्याने भोक उघडतं.

म्हणून दोनशे लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप आणलं आणि दगडांच्या ओट्यावर ठेवलं, तोंड साधारण तिच्या छातीच्या उंचीला. पाणी काठोकाठ. आता सोंड लांबवायची गरज नाही, आणि पाणी इतकं खोल की २८ सेंटिमीटरवरचं भोक पूर्ण बुडतं. भोक बुडालं की तिथूनही पाणीच आत येतं, हवा नाही. पहिल्या दिवशी तिने सवयीने नुसता शेंडा बुडवला, पुन्हा फुस्स. माहुताने सोंडेवर हात ठेवून खाली दाबलं, तिने आणखी आत घातली, ओढलं, आणि आवाज आला नाही. त्यानंतर तिला सांगावं लागलं नाही.

बाहेर काढताना मात्र पाणी गळायचं. भोकाच्या वर भरलेलं पाणी भोकातून वाहून जायचं, डावा पुढचा पाय ओला व्हायचा. आम्ही रोज त्या पायाकडेच बघायचो, किती ओला आहे ते. आठवड्याभराने पाय कोरडा राहायला लागला. नीट पाहिलं तर तिने तोंडाकडे नेण्याची पद्धत बदलली होती. आधी सोंड सरळ आत वळवायची. आता पिंपातून काढता काढताच डावीकडे बाक द्यायची, अगदी जखमेच्या जागी. डावी बाजू आखडली, जाड झाली, घड्या मिटल्या, भोक बंद. मग तसाच बाक धरून पाणी तोंडात. बादलीने मोजलं तेव्हा एका खेपेला सहा लिटरच्या आसपास पोचत होतं.

बाहेरची जखम दोन महिन्यांत भरली, पण भोक पूर्ण बुजलं नाही. त्याच्या कडेला आतून कातडी धरली आणि वाटाण्याएवढं छिद्र कायम राहिलं. असं एकदा झालं की ते आपोआप मिटत नाही. मालकाला मी एवढंच लिहून दिलं: जाल तिथे पाणी ओट्यावर आणि हातभर खोल ठेवा, आणि मुक्कामाला पोचलात की आधी कुंपणाच्या तारा बघा. पुढच्या वर्षी ते परत या बाजूला आले तेव्हा हत्तिणीच्या आधी मी त्यांच्या टेम्पोत डोकावलो. निळं पिंप मागे बांधलेलं होतं.